पोहे घेतले की म्हणे दूध घ्या! 'हेही घ्या'वाली यादी लहान दुकानात कामाची की नुसता ताप?

गल्लीतला वाणी:
आमचं किराणा दुकान, तालुक्याचं गाव. घरपोच ऑर्डरी मोबाईलवरून येतात. भाच्याने हौसेने त्यात 'ज्यांनी हे घेतलं त्यांनी हेही घेतलं' बसवून दिलं, मागच्या सहा महिन्यांच्या बिलांवरून. आता पोहे टाका, दूध घ्या म्हणतो. खराटा टाका, दूध घ्या. उंदराचं औषध टाका, तरी दूध! असली थेरं मोठ्या कंपन्यांना शोभतात. लहान दुकानात वाण्याचं डोकं पुरे, बिलं मोजून काही कळत नसतं. पटत नसेल तर सांगा.

आकडेमोड:
नाही पटत. अन् चूक भाच्याची आहे, मोजण्याची नाही, म्हणून जरा लांबण लावतो. त्याने काय केलं असणार ते दिसतंच आहे, कुठल्या दोन वस्तू किती बिलांत एकत्र आल्या ते मोजलं आणि सगळ्यात मोठा आकडा वर लावला. मग दूधच येणार ना, निम्मं गाव दूध नेतं, ते कशाबरोबरही दिसणारच.

गोल आकडे घेऊ. समजा २००० बिलं आहेत, त्यातल्या ९०० मध्ये दूध, १२० मध्ये पोहे, १५० मध्ये शेंगदाणे. पोहे-दूध एकत्र ६० बिलांत आणि पोहे-शेंगदाणे ४८ बिलांत. नुसतं मोजलं की दूध जिंकलं. पण पोहेवाल्यांपैकी दूध घेणारे निघाले ५० टक्के आणि एरवी सगळ्या गिऱ्हाइकांत दूध घेणारे ४५ टक्के, म्हणजे पोह्यांमुळे फरक जवळपास काहीच नाही पडला. शेंगदाण्यांचं बघा, पोहेवाल्यांत ४० टक्के आणि एरवी साडेसात. पाचपटीहून जास्त! हा भागाकार केला असता तर उंदराच्या औषधाशेजारी दूध कधीच आलं नसतं. दोन ओळींचं काम आहे, त्यासाठी सगळा प्रकारच निकालात काढायचा म्हणजे फार झालं.

झटपट:
ह्याला लिफ्ट म्हणतात. लिफ्टवर सॉर्ट करा, वरचे तीन दाखवा, विषय संपला. एवढा निबंध कशाला.

आकडेमोड:
@झटपट केलंयत कधी? वरचे तीन काय येतात सांगतो. त्याच २००० बिलांत केवडा इसेन्स दोनदाच विकलं गेलं आणि खायचा रंग चारदा. इसेन्सच्या दोन्ही बिलांत रंग होता. म्हणजे इसेन्सवाल्यांत रंग १०० टक्के, एरवी ०.२ टक्के, झाली ५०० पट. पोहे-शेंगदाणे बिचारे पाचपटीवर, तुमच्या यादीत हजाराव्या नंबरवर. दोन बिलांवरून काही ठरत नसतं, कदाचित एकाच घरच्या मंगळागौरीचं सामान असेल. आधी किमान १० बिलांत जोडी आलीय का बघायची, मग पट दोनच्या वर आहे का बघायची, आणि जे उरेल ते टक्केवारीने लावायचं. पट ही चाळणी म्हणून वापरायची, क्रम लावायला नाही.

```sql
SELECT a.item AS x, b.item AS y,
       COUNT(DISTINCT a.bill_no) AS n
FROM bill_lines a
JOIN bill_lines b
  ON a.bill_no = b.bill_no AND a.item < b.item
GROUP BY a.item, b.item
HAVING COUNT(DISTINCT a.bill_no) >= 10;
```

DISTINCT विसरू नका, एकाच बिलात शेंगदाणे दोन ओळींत मारले की दोनदा मोजले जातात.

दुपारचा चहा:
मला ह्या सगळ्या प्रकाराचाच वैताग आहे. परवा एका ॲपवरून बाळासाठी डायपर मागवले तर रात्रीपर्यंत डायपरच दाखवत होता. अहो घेतले ना आत्ताच!! आणि डिलिव्हरीचे पैसे वेगळे, पिशवीचे वेगळे, 'हाताळणी'चे वेगळे. कोण काय हाताळतो देव जाणे.

झटपट:
डायपरवरून आठवलं, वॉलमार्टने बीअर आणि डायपर शेजारी ठेवले आणि विक्री कुठच्या कुठे गेली. जगप्रसिद्ध किस्सा आहे. वाणीशेठ, हे वाचा मग बोला.

आकडेमोड:
वॉलमार्ट नव्हतंच ते. १९९२ ला टेराडेटाच्या थॉमस ब्लिशॉकच्या टीमने ऑस्को ड्रग ह्या दुकानांची बिलं तपासली, संध्याकाळी ५ ते ७ मध्ये बीअर-डायपर एकत्र जातात असं दिसलं. शेजारी मांडलेच नव्हते, त्यामुळे विक्री वाढायचा प्रश्नच नाही. बाकीचं सगळं नंतर भाषणांतून चिकटलं. अन् किस्से सोडा हो, इथे शेंगदाण्यांचं चाललंय.

गल्लीतला वाणी:
म्हणजे एवढा भागाकार-गुणाकार करून निघालं काय, तर पोह्यांबरोबर शेंगदाणे. हे सांगायला कॉम्प्युटर लागतो? आमच्या वडलांना न शिकता ठाऊक होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी साबुदाणा काढला की हात आपोआप शेंगदाण्याच्या डब्याकडे जायचा. तुमच्या मशीनला चतुर्थी कळते का?

आकडेमोड:
तुमच्या हाताला ठाऊक आहे हो, पण मोबाईलवर ऑर्डर येते तेव्हा तुमचा हात तिथे नसतो. तेवढ्याचसाठी आहे ते.

माहेर खान्देश:
आमच्या इथल्या दुकानदाराच्या ॲपमध्ये साबुदाण्याखाली शेंगदाणे, हिरवी मिरची आणि कोथिंबीर दाखवतात. उपवासाला कोथिंबीर?? कोणी केलं हे?

पेठेतली काकू:
का, कोथिंबिरीने काय घोडं मारलंय? आमच्याकडे खिचडीवर कोथिंबीर-खोबरं पेरल्याशिवाय ताट पुढे येत नाही.

माहेर खान्देश:
मग तो उपवास नाही, नाश्ता आहे.

पेठेतली काकू:
तुमच्याकडे जिरं चालतं ना? फोडणीत जिरं चालतं आणि पानं चालत नाहीत, हे कुठल्या पोथीत लिहिलंय तेवढं दाखवा.

ठेचा-भाकरी:
आमच्यात जिरंही नाही, कोथिंबीरही नाही. नुसती मिरची, दाण्याचं कूट, तूप. सासूबाई हळदीचा हातही लावू देत नाहीत. एकदा मी चुकून कोथिंबीर घातली तर अख्खी कढई शेजारी गेली, आणि वर ऐकवलं की तुमच्या माहेरी सगळंच चालतं. तेव्हापासून त्या पानांचा रागच आहे मला.

पेठेतली काकू:
वाटलंच होतं, सासू मध्ये येणार.

माहेर खान्देश:
काकू, टोमणे नकोत. पेठेत राहिलं म्हणजे धर्मशास्त्र तुमच्या घरी दळायला येत नाही.

गल्लीतला वाणी:
बघा, आता सांगा आकडेमोडसाहेब, ह्यात तुमचा भागाकार काय करणार? मला माहितीये कुठल्या घरात कोथिंबीर चालते आणि कुठल्या नाही. मशीन सगळ्यांना एकच सांगणार.

आकडेमोड:
हं. हा मुद्दा मात्र बरोबर आहे, मोजणीत घरं मिसळून जातात. आणि त्या ॲपमधली कोथिंबीर खिचडीसाठी असेलच असंही नाही, रोजच्या भाजीची असू शकते, दुधासारखीच सगळ्यांत दिसणारी. पट बघितली तर कळेल. पण मी कुठे म्हणतोय की उपवासाची आज्ञा द्या? तीन वस्तू खाली दिसतात, नको ते नको.

पेठेतली काकू:
म्हणजे कोथिंबीर चालते. धन्यवाद.

आकडेमोड:
असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

माळ्यावरची वही:
मी एका ओळखीच्या दुकानात हेच करून दिलंय, एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. वर दिलेली सगळी चाळणी लावली, १० बिलांची अटही, तरी हिंगाखाली फिनाइल येत होतं. सुचेना. शेवटी त्या जोडीची बिलं एकेक उघडून बघितली तर सगळी एकाच गिऱ्हाइकाची, कोपऱ्यावरची खानावळ. दर आठवड्याला तीच तीसेक वस्तूंची यादी. सहा महिन्यांत २६ आठवडे, म्हणजे १० ची अट त्या एकट्या बाईंनीच पार केली! तीस वस्तू म्हणजे एका बिलातून ४३५ जोड्या, आणि साखर-चहा घेऊन जाणाऱ्याची एकच जोडी. मोठ्या यादीत काहीही कशाहीबरोबर येतं, महिन्याचं सामान भरणाऱ्यांचं पण तेच. म्हणून बिलं न मोजता वेगवेगळी गिऱ्हाइकं मोजायला लागले, `COUNT(DISTINCT customer_id)`, आणि २० च्या वर वस्तू असलेली बिलं मोजणीतून काढलीच. फिनाइल गेलं.

दुसरं, आयटम मास्टर आधी साफ करा. आमच्याकडे 'भगर', 'वरई' आणि 'वरी तांदूळ' अशा तीन नोंदी होत्या, एकाच पोत्याच्या. तिघी १० च्या खाली राहिल्या आणि एकादशीला यादीत भगरच नाही.

झटपट:
पण काउंटरवर रोख देणाऱ्याचा नंबर कुठे असतो? customer_id रिकामं. मग ते सगळे मिळून एकच गिऱ्हाईक का?

माळ्यावरची वही:
नाही, रिकामं असलं की DISTINCT ते धरतच नाही, म्हणजे रोखीवाले गायब. मी त्यांचं प्रत्येक बिल वेगळं गिऱ्हाईक धरलं. रोज येणारे आजोबा त्यात शंभरदा मोजले जातात, पण ते नेतात एक ब्रेडचा पुडा, जोडीच होत नाही. ह्याहून बरं काही सुचलं नाही. कोणाला सुचत असेल तर सांगा, खरंच.

गल्लीतला वाणी:
आणि जो माल संपलाय त्याच्या जागी काय द्यायचं, ते सांगतं का तुमचं मशीन? ते जास्त कामाचं. अमुक चहा नसला तर तमुक चालेल का हे मला रोज विचारतात.

माळ्यावरची वही:
ते ह्यातून नाही निघत. दोन चहा एका बिलात कोण घेतो? जोडी शून्याच्या जवळ येते. एकच गिऱ्हाईक आज हा आणि पुढच्या महिन्यात तो, असं वेगवेगळ्या बिलांतून बघावं लागेल. तिथे तुमचं डोकंच वापरा.

गल्लीतला वाणी:
वा. म्हणजे डोकं लागतंच.

आकडेमोड:
लागतं, मान्य. आता भाच्याला दूध काढायला सांगा.

ठेचा-भाकरी:
आणखी एक. आमच्या दुकानातला पोऱ्या हल्ली ती स्क्रीन बघून काउंटरवरच विचारतो, 'ताई, शेंगदाणे नको का?' लाजेकाजेस्तव घेते मी. मग ते बिल परत मोजणीत जाणार ना? म्हणजे त्यानेच विचारायचं आणि त्यानेच म्हणायचं, बघा लोक घेतात.

माळ्यावरची वही:
जाणार. उपाय एवढाच, दर दहा ऑर्डरींतल्या एखाद्या ऑर्डरीला यादी दाखवायचीच नाही, चिठ्ठी टाकून निवडायची, आणि मोजणी त्यांच्यावरून करायची. पण तेवढ्या ऑर्डरी लहान दुकानात जमायला वर्ष जाईल. मी केलं नाहीये अजून.

गल्लीतला वाणी:
भाच्याला हा धागा पाठवला. तो म्हणतो भागाकार करतो, पण खानावळीचं बिल काढणार नाही, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. तो बसलाय कॉम्प्युटरपाशी, मी साबुदाण्याचं पोतं फोडतोय, उद्या चतुर्थी.

माहेर खान्देश:
कोथिंबीर काढा तेवढी.

पेठेतली काकू:
हात लावून दाखवा.