मदत हवी आहे: चांगल्या उमेदवाराला नकार कसा कळवावा?

नमस्कार मंडळी. बाणेरच्या आमच्या छोट्या कंपनीत अकाउंट्सची एकच जागा होती. शेवटच्या फेरीत एका मुलीने जीएसटीआर-२बी आणि खरेदी रजिस्टरमधली तफावत समोर बसून शोधून दाखवली. पण एक्स्पोर्टच्या बिलांचा अनुभव असलेल्या दुसऱ्याला घ्यावं लागलं. त्याने ऑफर स्वीकारली, आता तिला कळवायचंय. साचेबद्ध मेल पाठवायला मन धजत नाही. मसुदा असा:

"या वेळी तुमची निवड करता आली नाही. एक्स्पोर्टचा अनुभव निर्णायक ठरला. तफावत शोधण्याची तुमची पद्धत मात्र आम्हा सगळ्यांना आवडली. पुढे जागा निघाल्यास तुम्हाला फोन केला तर चालेल का?"

कारण इतकं स्पष्ट लिहावं का? आणि शेवटच्या वाक्याने तिला उगाच आशा तर लागणार नाही ना?