चर्चा: कालमन सिंड्रोम, १९ वर्षं. “दाढी आली की झालं” म्हणणाऱ्यांसाठी

साताऱ्याची_मावशी
भाचा १९ वर्षांचा. वास येत नाही, वयात आलेला नाही, एमआरआयनंतर कालमन सिंड्रोम निघालं. एक डॉक्टर म्हणतात टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, महिन्याला एक. दुसरे म्हणतात आठवड्यातून तीन सुया, त्याही वर्ष-दोन वर्षं. मला विचाराल तर दाढीमिशी आली, आवाज फुटला की झालं. मुलाबाळाचं लग्नानंतर बघू. उगाच पोराला कशाला टोचत बसायचं?

निशाचर
मावशी, “लग्नानंतर बघू” वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

टेस्टोस्टेरॉनने दाढी येईल, आवाज फुटेल, हाडं भरतील. वृषण मात्र आहेत तेवढेच राहतील, कारण त्यांना वाढवणारा हुकूम मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडून, एफएसएच आणि एलएच या संप्रेरकांमार्फत यायचा असतो आणि तो कालमनमध्ये येतच नाही. सोनोग्राफीत वृषण किती मिलीचे आहेत आणि लहानपणी ते खाली उतरले होते का, हे आधी सांगा. सगळं त्यावर ठरतं.

साताऱ्याची_मावशी
उजवा २, डावा ३. डाव्याचं आठव्या वर्षी ऑपरेशन झालंय. एफएसएच ०.४, एलएच ०.२.

निशाचर
मग हा अवघड गटातलाच. चार मिलीच्या आत, शिवाय उशिरा खाली आणलेला वृषण. अशा मुलाला एलएचचं काम करणारं एचसीजी थेट सुरू करण्यापेक्षा आधी तीन-चार महिने नुसतं एफएसएच द्यावं असं मी म्हणेन. ७५ ते १५० युनिट, आठवड्यातून तीनदा. शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशी एफएसएचवर वाढतात. एचसीजी दिलं की वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन चढतं, त्या पेशी प्रौढ होतात आणि त्यांची वाढ थांबते. जितक्या पेशी, तितक्याच शुक्राणूंचं पोट भरणार. या काळात त्या पेशींचं संप्रेरक इन्हिबिन बी रक्तात वर सरकतं का आणि २ मिलीचे ४ होतात का, ते बघायचं.

त्यानंतर एफएसएच चालू ठेवून एचसीजी. हजार युनिट आठवड्यातून दोनदा, मग हळूहळू दीड-दोन हजारांपर्यंत. टेस्टोस्टेरॉन मोजायला रक्त पुढच्या सुईच्या आधी काढायचं, दुसऱ्या दिवशी नव्हे, नाहीतर आकडा फुगलेला दिसतो.

दाढी यातही येते बरं का. वृषण स्वतःच टेस्टोस्टेरॉन बनवायला लागतात.

कट्टेकरी_७
बरोबर! टेस्टोस्टेरॉन घेतलं की वृषण कायमचे मरतात. जिमवाल्या पोरांचं बघा काय होतं. एकदा घेतलं की संपलं.

निशाचर
नाही हो, इतकंही नाही. जिमवाल्याची पिट्यूटरी चांगली असते, बाहेरचं टेस्टोस्टेरॉन तिला झोपवतं, आणि तीही बहुतेकदा पुन्हा उठते. इथे झोपवायला आहेच काय? आधी काही वर्षं टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांनाही नंतर सुयांनी शुक्राणू आलेले आहेत. कारण दंडात टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनने वृषणाच्या आतली पातळी एचसीजीइतकी चढत नाही.

खडूस_काका
म्हणजे दाढी आधी आणि सुया नंतर, हे चालतं तर! आत्ता तुम्ही स्वतःच कबूल केलंत. मग एवढं लांबण कशाला? १९ वर्षांचा मुलगा, हॉस्टेलमध्ये राहणार, आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा. त्याला पहिले चार महिने एफएसएच दिलं तर बाहेरून काहीच दिसणार नाही. ना केस, ना आवाज. मित्र थट्टा करणार आणि तो तिसऱ्या महिन्यात सुई टाकून देणार. अर्धवट सोडलेल्या सुयांपेक्षा नेमाने घेतलेलं टेस्टोस्टेरॉन बरं.

आणि “आधी एफएसएच”चा तो २०१३ चा अभ्यास १३ जणांचा होता. आधी एफएसएच घेतलेल्या सातही जणांना शुक्राणू आले, न घेतलेल्या सहांपैकी चौघांना. शिवाय नंतर त्यांना पिट्यूटरीला हुकूम देणाऱ्या जीएनआरएचचा पंप लावला होता, तुमचं एचसीजी नव्हे.

निशाचर
आकडे खरे आहेत, पंपाचंही खरं. चार महिने काही दिसत नाही हेही मान्य, आणि ते मुलाला आधी सांगायलाच हवं. पण वृषण आठ-दहा मिलीचे असते तर तुमचं ऐकलं असतं. २ मिली आणि ऑपरेशन झालेला मुलगा हातात असताना तो छोटा अभ्यासच माझ्या बाजूचा आहे.

पालवी
मला पाळीच आली नव्हती, तेव्हा लेट्रोझोलवर सहा महिने घालवले. तेच देतात का मुलांनाही? क्लोमिफेन वगैरे?

निशाचर
पालवीताई, या गोळ्या पिट्यूटरीला ढोसतात. तिच्यापर्यंत वरून निरोपच पोचत नसेल तर ढोसून काय होणार? अशा बाईलाही नुसतं एफएसएच पुरत नाही, एलएच असलेलं एचएमजी लागतं. नाहीतर बीजकोष वाढलेले दिसतात, पण इस्ट्रोजन चढत नाही आणि अस्तर पातळच राहतं. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

काउंटरवाला
मेडिकल स्टोअर चालवतो. गोंधळ औषधाच्या क्रमात कमी आणि सिरिंजमध्ये जास्त होतो, ते कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

दोन हजार युनिटची एचसीजी कुपी १ मिलीत विरघळवली तर दीड हजार म्हणजे पाऊण मिली. लाल टोपीच्या ४० वाल्या इन्सुलिन सिरिंजवर ती ३० ची खूण. मुलगा “३० पर्यंत भर” एवढंच पाठ करतो. पुढच्या महिन्यात दोन हजारांची मिळाली नाही, पाच हजारांची दिली. तीही १ मिलीतच. आता त्याच सिरिंजवर ३० म्हणजे ३,७५० युनिट. उलट नारिंगी टोपीची १०० वाली सिरिंज हाती आली आणि कुपी दोन हजारांचीच असली, तर ३० म्हणजे फक्त ६००. खूण तीच, डोस सहापट इकडेतिकडे.

खडूस_काका
हे मात्र कामाचं लिहिलंत. छाती दुखते, स्तनाग्राखाली गाठ येते, ते यानेच?

काउंटरवाला
पुष्कळदा. डोस जास्त गेला की टेस्टोस्टेरॉन चढतं आणि त्यातलं काही इस्ट्रोजनमध्ये बदलतं. लोक डोस न तपासता इस्ट्रोजन कमी करायच्या गोळ्या मागतात. आधी सिरिंज आणि कुपी समोर ठेवून मोजा.

निशाचर
डोस बरोबर असूनही छाती दुखली तर डॉक्टरांना विचारून तो कमी करता येतो, किंवा तेवढाच आठवड्यात जास्त वेळा वाटून घेता येतो. आणि पाच हजारांच्या कुपीतलं उरलेलं?

काउंटरवाला
तिथेच लोक माझ्याशी भांडतात. सोबत साधं सलाईन असेल तर कुपी एकदाच वापरायची, उरलेलं फेकायचं. आठवडाभर फ्रीजच्या दारात ठेवून पुन्हा टोचायची नाही.

कट्टेकरी_७
साडेतीन हजार युनिट फेकायचे? पैसे झाडाला लागतात काय? सगळे ठेवतात फ्रीजमध्ये.

काउंटरवाला
सगळे ठेवतात म्हणून माहितीपत्रक बदलत नाही. मोठी कुपी परवडत नसेल तर लहान मागवून घ्या.

साताऱ्याची_मावशी
तुमचं सिरिंजचं भांडण चालू द्या. मला एवढंच सांगा, हे किती काळ? आयुष्यभर तीन सुया?

निशाचर
नाही. वीर्यात शुक्राणू दिसेपर्यंत. साधारण सहा महिने ते दोन वर्षं, तुमच्या भाच्याला बहुधा उशिराच्या टोकाला. लॅबला सांगा, नमुना सेंट्रिफ्यूज करून तळाचा थेंब बघा, नाहीतर थोडेसे असलेले “शून्य” म्हणून येतात. दिसले की गोठवून ठेवायचे. मग महिन्याचं टेस्टोस्टेरॉन चालेल, मूल हवं तेव्हा पुन्हा सुया. आकडा कमी आला तरी घाबरू नका, या मुलांमध्ये कमी संख्येवरही गर्भ राहतो.

खडूस_काका
आणि दोन वर्षांनी तळाच्या थेंबातही काही नाही निघालं तर?

निशाचर
तर वृषणातून शस्त्रक्रियेने शोधतात. सापडतीलच असं नाही.

खडूस_काका
हे पहिल्याच उत्तरात लिहायचं होतं. पोराला सांगून सुरू करा, मग माझी हरकत नाही.