मदत हवी आहे: कॉपी रिमोटने गाडी एकदाच उघडली, गेटचं मात्र चालतंय

समीर_नाशिक
मंडळी, जरा घाई आहे. ऑनलाइन मिळतात ते चार बटणांचे कॉपी रिमोट मागवले. गेटचा रिमोट लगेच कॉपी झाला, मस्त चालतोय. गाडीचाही तसाच केला. पहिल्यांदा दाबलं तर लॉक उघडलं. लगेच परत दाबलं तर काही नाही, आणि तेव्हापासून ढिम्म. मूळ रिमोट चालू आहे. सेल बदलून झाला. विकणारा म्हणतो माल ठीक आहे, परत घेणार नाही. पुन्हा कॉपी कसं करायचं किंवा दुसरा कोणता रिमोट घ्यायचा एवढंच सांगा. सिक्युरिटीचं लेक्चर नको.

गॅरेजवाला_आप्पा
गाडी कोणती? कुठलं मॉडेल, कुठलं वर्ष? एवढं तरी लिहा, आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

पक्का_पुणेकर
गाडी कुठलीही असो, हा फ्रिक्वेन्सीचा घोळ आहे. गाड्यांचे काही रिमोट 315 वर असतात आणि हे कॉपीवाले 433 चे. 315 चा घ्या, काम होईल.

जुना_सोल्डर
पुणेकर, फ्रिक्वेन्सी चुकली असती तर पहिल्यांदाही उघडलं नसतं. समीरराव, दोन गोष्टी सांगा. एक, सेंट्रल लॉक कंपनीचं आहे की अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून बसवलेलं? दोन, कॉपी करताना तुम्ही कुठे होतात, गाडीजवळ की घरात?

समीर_नाशिक
बेस मॉडेल आहे, सेंट्रल लॉक बाहेरून बसवलं. कॉपी घरातच केली, तिसऱ्या मजल्यावर. गाडी खाली पार्किंगमध्ये होती. त्याचा काय संबंध?

जुना_सोल्डर
सगळा संबंध त्याचाच आहे. तुमच्या गाडीच्या किटमध्ये रोलिंग कोड आहे.

अशा किटमध्ये HCS301 किंवा त्याच्या जातीची चिप बऱ्याचदा असते. बटण दाबलं की ती 66 बिट पाठवते. त्यातले 32 बिट सांकेतिक असतात आणि ते दर वेळी वेगळे निघतात, कारण चिपमधला एक आकडा प्रत्येक दाबण्याला एकाने वाढतो आणि तो गुप्त किल्लीने कुलूपबंद होऊन बाहेर पडतो. गाडीतला रिसीव्हर शेवटचा ऐकलेला आकडा लक्षात ठेवतो. त्याहून पुढचा आला तर उघडतो, मागचा किंवा तोच आला तर दुर्लक्ष करतो.

आता तुमचं काय झालं बघा. समजा गाडीने शेवटचा 500 ऐकला होता. तुम्ही घरात मूळ रिमोट दाबलात, 501 बाहेर पडला. तो कॉपी रिमोटने जसाच्या तसा टिपला, गाडीपर्यंत मात्र पोचलाच नाही. खाली जाऊन कॉपी दाबली, गाडीला 501 नवा वाटला, तिने उघडलं. दुसऱ्यांदा कॉपीने पुन्हा 501 च पाठवला, कारण तिच्याकडे तेवढाच आहे. पुढचा आकडा बनवायला लागणारी किल्ली तिच्याकडे नाही. मूळ रिमोट 502 पासून पुढे चालू राहिला, म्हणून त्याला काही झालं नाही.

खात्री हवी असेल तर पुन्हा घरात कॉपी करा, खाली जाऊन दाबा. एकदाच उघडेल. गाडीशेजारी उभं राहून कॉपी केलीत तर एकदाही नाही, कारण तो आकडा गाडीने आधीच ऐकलेला असेल. माल खराब नाही, विकणाऱ्याशी भांडू नका.

समीर_नाशिक
बरं. मग रोलिंग कोड कॉपी करणारा रिमोट कोणता?

जुना_सोल्डर
कॉपीच्या नादी लागू नका. त्याच किटचा जादा रिमोट घ्या आणि रिसीव्हरला तो शिकवून घ्या. ज्या दुकानातून बसवलं तिथे करून देतील. शिकवायची रीत प्रत्येक किटची वेगळी, म्हणून इथून सांगत नाही.

सुलभा_जोशी
मध्येच विचारते, माफ करा. आमच्या नातवाने गाडीचा रिमोट खेळायला घेतला होता, दिवसभर बटणं दाबत होता. आता रिमोटने गाडी उघडत नाही, किल्लीने उघडते. त्याचाही आकडा पुढे गेला असेल का? आमच्या ह्यांनी सेल बदलला, उपयोग नाही.

जुना_सोल्डर
सुलभाताई, अगदी तेच असू शकतं. HCS घराण्यात रिसीव्हर साधारण 16 आकडे पुढपर्यंतचं एका दाबण्यात मान्य करतो. त्याहून पुढे गेलं की लागोपाठचे दोन कोड ऐकायला मागतो, मग स्वतःचा आकडा जुळवून घेतो. गाडीजवळ उभ्या राहून बटण दोनदा दाबा, दाबून धरू नका. पूर्ण सोडायचं, मग पुन्हा दाबायचं. धरून ठेवलं तर एकच कोड परत परत जातो. तुमचा रिमोट कंपनीचा असेल तर रीत वेगळी असेल, पण हे करून बघायला खर्च नाही.

वेस्ट_मिडलंड्सकर
लोकहो, तुम्ही कॉपीत अडकलात, खरा धोका वेगळाच आहे. मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. आमच्या पोलिसांनी 2017 मध्ये सॉलिहलच्या एका घरासमोरचं सीसीटीव्ही चित्रण प्रसिद्ध केलं होतं. दोघं जण, हातात एकेक पेटी. एक घराच्या दाराशी, दुसरा गाडीशी. साधारण मिनिटभरात मर्सिडीज गायब. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही. समीर, किल्ली सिग्नल अडवणाऱ्या पाउचमध्ये ठेवा. आमच्या गल्लीत सगळे ठेवतात.

पक्का_पुणेकर
पण वर सांगितलं ना, रोलिंग कोड असला की कोड पकडून उपयोग नाही. मर्सिडीजमध्ये रोलिंग कोड नव्हता का? जुनी असेल.

जुना_सोल्डर
पुणेकर, इथेच गल्लत होते. त्या चोरीत कोणी कोड साठवत नाही आणि उलगडतही नाही. बटण न दाबता हँडलला हात लावून उघडणारी गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर, 125 किलोहर्ट्झच्या आसपास, किल्लीला हाक मारते. ती हाक मीटर-दोन मीटरच पोचते, आणि गाडी गृहीत धरते की उत्तर आलं म्हणजे किल्ली शेजारीच आहे. चोरांच्या पेट्या ती हाक दारापर्यंत नेतात आणि आत खुंटीवर टांगलेल्या किल्लीचं उत्तर गाडीपर्यंत आणतात. उत्तर अस्सल, ताजं, त्याच क्षणी बनलेलं. कोड कितीही रोलिंग असला तरी त्यात पकडण्यासारखं काहीच नाही. खोटं आहे ते फक्त अंतर. झ्युरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवलं, दहाही उघडल्या आणि चालू झाल्या.

गॅरेजवाला_आप्पा
आणि चालू झाल्यावर किल्ली लांब गेली म्हणून इंजिन बंद पडत नाही, फक्त डॅशबोर्डवर इशारा येतो. चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद करणं धोक्याचं, म्हणून तसं ठेवलेलं असतं.

पक्का_पुणेकर
मग यावर उपायच नाही म्हणा की.

जुना_सोल्डर
आहे. नव्या काही गाड्यांत अल्ट्रावाइडबँड असतं. ते उत्तर यायला लागलेला वेळ मोजतं. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जाते, त्यामुळे किल्ली 20 मीटर लांब असेल तर वेळ वाढलेला दिसतोच, पेट्या त्याला लपवू शकत नाहीत. काही किल्ल्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, थोडा वेळ निश्चल राहिली की झोपते, हाकेला उत्तरच देत नाही. आणि पाउच चालतं, पण तपासून घ्या: किल्ली आत घालून, पाउच हातात धरून गाडीचं हँडल ओढा. उघडलं तर पाउच टाकून द्या. हीच परीक्षा महिन्या-दोन महिन्यांनी परत घ्यायची, घडीवर अस्तर फाटतं.

सुलभा_जोशी
आमच्या शेजारच्यांनी किल्ली मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला सांगितली होती.

गॅरेजवाला_आप्पा
ताई, एखाद्या सकाळी कोणी दूध गरम करायला बटण दाबलं तर किल्लीची भजी होईल.

समीर_नाशिक
अहो थांबा! माझ्या गाडीला हँडलचं वगैरे काही नाही. बटण दाबलं की उघडते, सुरू करायला किल्ली फिरवावी लागते. मला पाउच हवं की नको?

जुना_सोल्डर
नको. तुमची किल्ली बटण दाबल्याशिवाय काही बोलत नाही, त्यामुळे पेट्यांना पोचवायला काही मिळत नाही. तुमची काळजी गाडीची नाही, गेटची आहे.

समीर_नाशिक
गेट तर चालतंय.

जुना_सोल्डर
कॉपी रोज चालते, हाच पुरावा. म्हणजे त्या गेटचा कोड कधीच बदलत नाही. मूळ रिमोट उघडा. आठ पायांची EV1527 चिप असेल तर कारखान्यात घातलेला 20 बिटांचा कायमचा क्रमांक आहे. अठरा पायांची PT2262 आणि शेजारी जंपर असतील तर तेच, अजून जुनं. तुम्ही जसा कॉपी केलात तसा वॉचमन, ड्रायव्हर, कोणीही मिनिटात करेल. हातात रिमोट यायचीही गरज नाही, तुम्ही दाबत असताना जवळपास कोणी टिपला तरी पुरे.

पक्का_पुणेकर
मग रिसीव्हरची मेमरी पुसायची, शिकवायचं बटण धरून ठेवायचं, आणि आपला रिमोट परत शिकवायचा. कॉपी बाद. मी स्वतः केलंय.

जुना_सोल्डर
हरवलेल्या रिमोटसाठी बरोबर आहे. पण कॉपीचा क्रमांक मूळ रिमोटचाच असतो. मूळ परत शिकवला की कॉपीही परत आत. रिसीव्हरला दोन्ही सारखेच ऐकू येतात. नवे रिमोट घेऊन तेच शिकवावे लागतील, आणि तेही उद्या कॉपी होतील. करायचंच असेल तर रिसीव्हर आणि रिमोट रोलिंग कोडचे घ्या. मोटर बदलायची गरज बहुतेक पडत नाही. बोर्डवर बाहेरच्या स्विचसाठी दोन टर्मिनल असतात, नव्या रिसीव्हरचा रिले तिथे जोडायचा. जुना रिसीव्हर काढायला विसरू नका, नाहीतर दोन्ही दारं उघडी.

वेस्ट_मिडलंड्सकर
रोलिंग कोडही अभेद्य नाही बरं. सॅमी कामकर नावाच्या हॅकरने 2015 मध्ये रोलजॅम नावाचा डबा दाखवला होता.

जुना_सोल्डर
खरंय. तो तुमचा पहिला कोड जॅम करून टिपून ठेवतो, गाडी उघडत नाही म्हणून तुम्ही परत दाबता, तो दुसराही टिपतो आणि गाडीला पहिला देतो. दुसरा त्याच्याकडे न वापरलेला उरतो. समीररावांच्या कॉपीने एकदा उघडलं तीच युक्ती, फक्त मुद्दाम केलेली. पण तुम्ही पुढे एकदा बटण दाबलंत आणि गाडीने ते ऐकलं की तो कोड शिळा. कायमच्या कोडची कॉपी शिळी होत नाही.

पक्का_पुणेकर
बंगल्याच्या गेटसाठी एवढं कोण करतं? लोक भिंत चढून येतात.

सुलभा_जोशी
सोल्डरभाऊ, दोनदा सोडून सोडून दाबलं, उघडली! नातवाला रिमोट बंद.

समीर_नाशिक
दुकानवाल्याला फोन केला. म्हणतो ते किट आता येत नाही, जादा रिमोट मिळणार नाही, नवीन किट घाला. गेटवाला रविवारी येतोय. जुन्या किटला त्याच चिपचा दुसऱ्या कंपनीचा रिमोट शिकवता येतो का?

जुना_सोल्डर
चिप तीच असली तरी गुप्त किल्ली ज्या कंपनीची तिचीच, दुसऱ्याचा रिमोट बहुतेक शिकत नाही. रिमोट उघडून चिपचा आणि बोर्डाचा फोटो टाका, मग बघू.

गॅरेजवाला_आप्पा
आणि गाडी कोणती ते अजून सांगितलेलं नाही.