लो-एंड फोनवरचा धूर: थर कमी करायचे की रेझोल्यूशन?

धुरकट: ७२०×१६०० स्क्रीनचा स्वस्त फोन आहे. आमच्या गेममध्ये स्फोटानंतर धूर अर्धा स्क्रीन व्यापतो आणि ३० एफपीएस कोसळतात. माझं मत स्पष्ट आहे: पारदर्शक पार्टिकल हाफ रेझोल्यूशन बफरमध्ये काढावेत. पार्टिकल कमी करणं म्हणजे इफेक्टचा जीव घेणं. पटत नसेल तर सांगा.

नवाभिडू: डेव्हलपर ऑप्शन्समधलं `Debug GPU overdraw` चालू करा की. लाल दिसलं की समजायचं एकाच पिक्सेलवर पहिल्या थरानंतर आणखी चार किंवा जास्त थर चढलेत.

टाइलवाला: ते अँड्रॉइडच्या स्वतःच्या यूआयसाठी आहे. गेम आपल्या वेगळ्या सरफेसवर चित्र काढतो, त्याच्या आतलं त्यात दिसत नाही. धुरकट, आधी मोजा, मग वाद घालू. पार्टिकलचा शेडर तात्पुरता असा करा:

```
Blend One One
ZWrite Off
return half4(4.0/255, 0, 0, 1);
```

बफर काळा, ८ बिटचा, sRGB नको. पोस्ट-प्रोसेसिंग बंद. डेप्थ टेस्ट मात्र आहे तशीच ठेवा, नाहीतर भिंतीमागचा धूरही मोजला जाईल. लाल आकड्याला ४ ने भागलं की थर मिळतात. ६३ च्या पुढे मोजमाप अडकतं.

धुरकट: केलं. धुरात लाल १६० च्या आसपास, म्हणजे ४० थर. कडेला विरळ आहे, पण सगळीकडे ४० धरू. अर्ध्या स्क्रीनचे ५,७६,००० पिक्सेल गुणिले ४०, एका फ्रेमला २.३ कोटी फ्रॅगमेंट! हाफ रेझोल्यूशनला लांबी-रुंदी दोन्ही अर्ध्या, म्हणून ते चौथाईवर, ५८ लाखांवर येतात. झालं ना सिद्ध?

टाइलवाला: थर ४० वरून १० वर आणले तरी तेच ५८ लाख. तुमच्या धुराचा अल्फा किती?

धुरकट: ०.०५. म्हणूनच तर इतके थर लागतात.

टाइलवाला: तिथेच खरी गोम आहे. ०.०५ चे चार थर एकावर एक पडले की मागचं ०.९५ चा चौथा घात, म्हणजे ०.८१५ इतकं उरतं. तेवढंच झाकायला ०.१८५ अल्फाचा एकच थर पुरतो. ४० थर असोत की असे १०, झाकलं जातं सुमारे ८७ टक्के.

आता तुमच्या उपायाचा खर्च बघा. मोबाइलचा जीपीयू टाइलमध्ये काम करतो, ब्लेंडिंग चिपवरच उरकतं. मधेच दुसऱ्या बफरकडे वळलात की रंग आणि डेप्थ दोन्ही मेमरीत लिहायचे आणि पुन्हा वाचायचे. प्रत्येकी ४.६ एमबी, चार फेऱ्या, फ्रेममागे १८ एमबी. हार्डवेअर कॉम्प्रेशन असेल तर कमी, पण फुकट नाही. शिवाय शेवटी धूर वर चिकटवायचा पास वेगळा.

शेडरप्रेमी: दोघंही सोपं सोडून अवघड धरताय. धुराच्या चौकोनाचे कोपरे रिकामेच असतात. अल्फा ०.०१ च्या खाली गेला की `discard` करा, काम फत्ते.

टाइलवाला: रिकामी जागा बरोबर हेरलीत. पण `discard` होईपर्यंत शेडर सुरू होऊन टेक्स्चर वाचून झालेलं असतं, मग वाचलं काय? चौकोनाऐवजी अष्टकोनी मेश द्या, ते पिक्सेल मुळात येणारच नाहीत. गोल पुंजक्याला साधारण १७ टक्के क्षेत्र वाचतं.

पाऊसपाणी: आमच्याकडे पावसाचे दोन हजार थेंब आहेत. अल्फा, थर सगळं करून पाहिलं, ढिम्म फरक नाही. हे ओव्हरड्रॉचं खूळच आहे.

टाइलवाला: बारीक थेंब पिक्सेल कितीसे व्यापणार? रेंडर स्केल ०.५ करून बघा. फ्रेमचा वेळ तरीही हलला नाही तर अडचण पिक्सेलमध्ये नाही, बहुतेक सीपीयूवर आहे.

धुरकट: माझं अजून संपलेलं नाही. धूर आधी काढायचा आणि डेप्थ मागच्या फ्रेमची वापरायची. मुख्य पास तुटत नाही.

टाइलवाला: डेप्थ तरी मेमरीत लिहावीच लागेल. आणि कॅमेरा झपकन वळला की धुराची कड वस्तूंपासून सुटलेली दिसेल.

रंगारी: मी इफेक्ट बनवते, म्हणून बोलते. १० थरांत घनता जुळते, पण आतली घुसळण जाते. प्रत्येक पुंजका वेगळा उठून दिसतो, मरताना डोळ्याला टोचतो. फ्लिपबुकमध्ये हालचाल भरली आणि फेड लांबवला तर १४-१५ थरांत निभावतं. त्याखाली मी सही करणार नाही. धूर मऊ असल्यामुळे हाफ रेझोल्यूशन त्याला खपतं, ठिणग्यांना अजिबात नाही.

धुरकट: १५ थर करून पाहिले. फ्रॅगमेंट ८६ लाखांवर आले, पण जीपीयूचे मिलिसेकंद त्या मानाने उतरलेच नाहीत.

टाइलवाला: काम घटलं की फोन जीपीयूचा क्लॉकही खाली आणतो, म्हणून वेळ फसवा. जीपीयू माली असेल तर स्ट्रीमलाइन प्रोफायलरमध्ये फ्रॅगमेंटच्या सायकल बघा, तेही फोन तापल्यावर.

धुरकट: बघतो. पण धुरावर लायटिंग असेल, शेडर जड असेल, तर १८ एमबी मोजूनही हाफ रेझोल्यूशन जिंकेल, हे मी सोडत नाही.

टाइलवाला: जड शेडरला कदाचित जिंकेल. तुमचा शेडर एका टेक्स्चरचा आहे. दोन्ही बिल्डच्या सायकल टाका इथे.