चुकीचा माल पोचला: दिलगिरीचं पत्र कसं असावं?

७५० वॉटचा मिक्सर मागवलेल्या ग्राहकाकडे ५०० वॉटचा गेलाय. दुकानाच्या मॅनेजरने लिहिलेला मसुदा खाली देतेय. अशी पत्रं लिहिणाऱ्या-तपासणाऱ्यांनी अनुभवाचं सांगा.

"प्रिय ग्राहक, तुम्हाला पाठवण्यात आलेला मिक्सर नजरचुकीने बदलला गेला. त्यामूळे आपली गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगिर आहोत. लवकरात लवकर कार्यवाही करण्यात येईल. कृपया करुन सहकार्य करावे."

मुद्रितशोधक: त्यामुळे, दिलगीर, करून. 'दिलगिरी'त गि ऱ्हस्व असतो, म्हणून 'दिलगीर'लाही लोक तोच लावतात. 'कृपया करून' नको. 'कृपया' किंवा 'कृपा करून'. 'तुम्हाला' आणि 'आपली' एकाच पत्रात नकोत.

गल्लेवाला: शुद्धलेखन ठीक, पण खरी खोट 'झाली असल्यास'मध्ये आहे. गैरसोय झालीच आहे, मग असल्यास कसलं? 'बदलला गेला' म्हणजे जणू मिक्सर आपणहून बदलला. आणि 'लवकरात लवकर' वाचून माणूस फोन करतोच.

कोर्टकचेरी: 'आमची चूक' असं लेखी देऊ नका. उद्या ग्राहक आयोगात तेच दाखवतील.

गल्लेवाला: बिल आणि खोक्यावरचा मॉडेल नंबर हाच पुरावा आहे, पत्राने त्यात फारशी भर पडत नाही. मिक्सरने कुणाला इजा झाली असती तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय लिहू नये, तिथे तुमचं बरोबर. मी असं लिहीन:

"आपण बिल क्र. ४१८ वर ७५० वॉटचा मिक्सर घेतलात, आम्ही ५०० वॉटचा पाठवला. पॅकिंग करताना खोक्यावरचा मॉडेल नंबर बिलाशी ताडून पाहिला नाही, ही आमची चूक. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. शनिवारी ११ ते १ या वेळेत आमचा माणूस योग्य मिक्सर घेऊन येईल आणि आधीचा परत नेईल. आपल्याला कोणताही खर्च नाही. वेळ गैरसोयीची असेल तर कृपया दुकानात फोन करून कळवावे."

खाली मॅनेजरचं नाव आणि सही. नुसतं 'व्यवस्थापक' लिहिलं की माणूस तोंड लपवतोय असं वाटतं.

सर्व्हिसवाली: एक ओळ राहिली: "सोबतचं वॉरंटी कार्डही परत द्यावं." जुनं कार्ड घरात राहिलं तर पुढे दुरुस्तीच्या वेळी मशीनवरचा सीरियल नंबर जुळत नाही आणि मोफत दुरुस्ती अडते. नवीन कार्डावर शिक्का आणि तारीख दारातच तपासून घ्यावी.

बेकरीताई: आमच्याकडे केकवर भलतंच नाव गेलं. वाढदिवस झाला, केक खाल्लाही. मग बदलून काय देणार?

गल्लेवाला: तिथे बदलीचा प्रश्नच नाही, पैसे परत. किती आणि कधी, ते पत्रात लिहा. पुढच्या खरेदीवर सूट देऊ नका. चिडलेल्या माणसाला ती जाहिरात वाटते.

मुद्रितशोधक: सूट प्रत्येकालाच खटकते असं नाही, नेहमीच्या गिऱ्हाइकाला आवडते. पण ती दिलगिरीच्या वाक्याला चिकटवू नये.

धागाकर्ती: आणि त्यांनी त्या ५०० वॉटच्यात चटणी वाटून भांडं धुऊनही ठेवलं असेल तर? कंपनी वापरलेला माल दुकानाकडून परत घेईल?

सर्व्हिसवाली: ते तुमच्या डीलरशी बोलून ठरवा. ग्राहकाच्या पत्रात त्याचा उल्लेखही नको.