व्ह्यूज तेवढेच, मग पैसे गेले कुठे?

रानवाटा: माझ्या दोन व्हिडिओंचं उत्पन्न या महिन्यात कोसळलं, व्ह्यूज मात्र जवळपास तेवढेच आहेत. दोन्हींतलं पार्श्वसंगीत सरळ कापून टाकावं म्हणतोय. बरोबर आहे ना?

जुना संकलक: कात्री नंतर. यूट्यूब स्टुडिओत Content उघड आणि प्रत्येक व्हिडिओसमोरचे Monetization आणि Restrictions हे रकाने वाच. उत्पन्नाचा आलेख रोजचा लावून बघ.

रानवाटा: पहिला व्हिडिओ 18 मिनिटांचा. Restrictions मध्ये Copyright दिसतंय. 3 तारखेपासून उत्पन्न सपाट शून्य. दुसऱ्यावर पिवळं चिन्ह आहे, तिथे कमाई साधारण पावपट झाली, पण थांबलेली नाही.

जुना संकलक: मग दुखणी दोन आहेत. पहिल्यावर जाहिराती अजूनही लागत असतील, पण गाण्याच्या मालकाने हक्काचा दावा, म्हणजे क्लेम लावलाय, म्हणून पैसे त्याच्याकडे जातात. क्लेमचा तपशील उघडलास की गाणं कितव्या सेकंदाला वाजतं तेही कळेल. दुसऱ्यावर जाहिरातीच कमी लागतात. प्रीमियमवाल्या प्रेक्षकांचा वाटा चालू राहतो, म्हणून थोडंफार येतंय. Estimated monetized playbacks, म्हणजे जाहिरात लागलेले प्लेबॅक, व्ह्यूजच्या मानाने घटलेले दिसतील. तिथे गाणं कापून काही हाती लागणार नाही. मजकूर जाहिरातदारांना चालण्यासारखा आहे अशी खात्री असेल तर माणसाकडून फेरतपासणी मागून घे.

तालवेडा: पिवळं चिन्हही गाण्यामुळेच येतं. माझं आलं होतं!

जुना संकलक: तुझ्या गाण्यात शिव्या असतील. मग ते भाषेमुळे आलं, हक्कामुळे नाही.

तालवेडा: ...होत्या खऱ्या.

एकतारी: पहिल्याबाबत माझा विरोध. वीस सेकंदांच्या तुकड्यासाठी 18 मिनिटांची सगळी कमाई दुसऱ्याला? रीतसर परवाना असलेलं संगीत वापरूनही मला क्लेम आला होता. मी कापलं नाही, हरकत घेतली. मालकाला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, तोवर पैसे बाजूला राहतात, आणि ते मला मिळाले.

जुना संकलक: तू लगेच हरकत घेतली असशील. क्लेमपासून 5 दिवसांत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवतात. नंतर घेतली तर हरकतीच्या दिवसापासूनचेच. रानवाटा, आज 17 तारीख. मधले दिवस गेले समज. परवाना नसेल तर एडिटरमधून तेवढंच गाणं मूक कर किंवा बदल. व्ह्यूज आणि दुवा तसेच राहतात.

एकतारी: म्हणजे मालकाचंच फावलं. असंच सगळे गप्प बसतात.

काळजीवाहू: मलाही एक क्लेम आहे. चॅनेल बंद होणार का? रात्री झोप नाही.

जुना संकलक: झोप बिनधास्त. क्लेम म्हणजे स्ट्राइक, चॅनेलवरची ताकीद, नव्हे. तू हरकत घेतलीस किंवा ती फेटाळल्यावर अपील केलंस, तर मालक व्हिडिओ काढायची मागणी करू शकतो. स्ट्राइकचा धोका तिथे आहे.

रानवाटा: परवान्याची पावती सापडली, पण ती मित्राच्या नावावर आहे. चालेल?

एकतारी: चालेल, हरकत घे.

जुना संकलक: आधी परवान्यात कुठलं चॅनेल लिहिलंय ते बघ.