मदत हवी आहे: वर्कशॉपमधल्या लोखंडी मेझनाइनला १५० चा बीम पुरेल का?

टर्निंगवाला: शिरोली एमआयडीसीत भाड्याचा गाळा आहे. आत ५ बाय ६ मीटरचा मेझनाइन करायचाय. वर कास्टिंगचे क्रेट, पॅकिंगचे खोके आणि एक टेबल. फॅब्रिकेटर म्हणतो, ६ मीटरच्या बाजूंना दोन गर्डर, त्यांच्यात दर १.२ मीटरवर १५० मिमी उंचीचा आय बीम, वर ६ मिमी चेकर प्लेट, सगळं जागेवर वेल्डिंग. गाळा पुढे सोडावा लागला तर उचलून नेता यावा म्हणून मला बोल्टचं हवंय. तो म्हणतो बोल्ट ढिले होतात. कोणाचं बरोबर?

भट्टीशेजारी: वेल्डिंगच करा. आमच्याकडे पॉवर प्रेसशेजारचा बोल्टचा माळा इतका हलायचा की वर चढायला भीती वाटायची. शेवटी सगळे जोड वेल्ड केले, तेव्हा थांबला.

दादरकर: आमच्या कापडाच्या दुकानात चॅनेलवर १८ मिमी प्लाय आहे. चार वर्षं झाली, काही झालं नाही. एवढं लोखंड कशाला?

ड्रॉइंगबोर्ड: दादरकर, तुमच्याकडे तागे आहेत, यांच्याकडे बिडाचे कास्टिंग. प्रश्न तिथेच बदलतो.

टर्निंगवाला, आधी वजन ठरवा. अशा मजल्याला चौरस मीटरला ५०० किलो धरतात. क्रेटमधल्या पोकळ्या धरूनही कास्टिंगचं घनमीटरला तीन टनांच्या आसपास भरतं. म्हणजे सलग क्रेट मांडले तर साधारण सहा-सात इंचांच्या थरातच ५०० किलो संपले. क्रेटवर क्रेट चढला की हिशोब गेला. माझं मत, कास्टिंग खालीच ठेवा आणि वर ५०० किलोची पाटी लावा.

आता त्या ५०० किलोला, ५ मीटर लांबी आणि १.२ मीटर अंतर धरून, १५० चा बीम मधोमध जवळपास ३३ मिमी वाकतो. लांबीचा तीनशेवा भाग, म्हणजे १७ मिमी, ही मर्यादा धरतात. २०० चा बीम ११ मिमीच वाकतो. वजनात मीटरला दहाएक किलोचाच फरक, पण ताठपणा तिप्पट, कारण ताठपणा उंचीमुळे झपाट्याने वाढतो. म्हणून २०० घ्या. ६ मीटरचा गर्डर मधे खांब नसेल तर ३०० चा.

प्लेटकडे मात्र कोणी बघितलेलं दिसत नाही. ६ मिमी प्लेट १.२ मीटरवर नुसती टेकवली तर त्याच भाराला तीन-साडेतीन सेंटीमीटर झोल घेईल. बीमांच्या मधे दर ६०० मिमीवर ६५ बाय ६५ बाय ६ चा अँगल आडवा टाका. अंतर निम्मं झालं की झोल सोळाव्या हिश्श्यावर, दोन-अडीच मिमीवर येतो.

टर्निंगवाला: प्लेटचं डोक्यातच नव्हतं. बोल्टचं काय, साहेब?

ड्रॉइंगबोर्ड: बोल्ट चालतात. तुमच्या बीमच्या टोकाला १.८ टनाच्या आसपास भार येतो. गर्डरच्या वेबला, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीला, शॉपमध्येच उभी प्लेट वेल्ड करून घ्या, बीमचं वेब तिला एम१६ च्या दोन बोल्टांनी जोडा. होल १८ मिमीचं, कडेपासून ३० मिमी आत, आणि ड्रिलनेच. जागेवर होल जुळलं नाही की गॅसने मोठं करतात, ते करू देऊ नका. असा बोल्ट कितीही आवळला तरी वॉशर वाकडा बसतो आणि नट काही दिवसांनी हाताने फिरतं. बीम आणि गर्डर वरून सपाट ठेवायचे तर बीमची वरची फ्लँज कापावी लागेल. त्या खाचेचा कोपरा गोल ठेवा, काटकोनातून चीर सुरू होते.

भट्टीशेजारींचा अनुभव खरा आहे, फक्त दोष बोल्टांच्या ढिलाईपुरता नसावा. दोन बोल्टांचा असा जोड बिजागरीसारखा असतो, भार पेलतो पण बाजूचं हलणं अडवत नाही. तुम्ही वेल्ड केल्यावर जोड ताठ झाले. बोल्टात ते काम खांबांमधल्या तिरक्या ब्रेसिंगने होतं, दोन्ही दिशांना.

भट्टीशेजारी: ब्रेसिंग नव्हतं आमच्याकडे, हे खरं. पण प्रेस असेल तिथे डबल नट तरी लावाच.

ड्रॉइंगबोर्ड: लावाच. आणि महिन्याभराने एकदा पाना फिरवा.

टर्निंगवाला: भिंतीकडे ब्रेसिंग जमेल. समोरून ट्रॉली जाते, तिथे कसं करू? आणि खांब चार इंची कोब्यावरच उभे करायचेत, मालक खोदू देत नाही.

ड्रॉइंगबोर्ड: समोर गर्डर आणि खांब यांच्यात आखूड तिरके टेकू देता येतील, पण त्यामुळे खांबावर वाकवणारा जोर येतो. खांबाचा आकार ठरवल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. कोब्याचं जास्त अवघड आहे. पूर्ण भरल्यावर एकेका खांबाखाली साडेचार टनांच्या वर येईल. कोब्याखाली भराव कसा आहे, हे एक ठिकाणी फोडून बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. मालकाला एका फुटाच्या खड्ड्याची तरी परवानगी मागा.

टर्निंगवाला: सोमवारी विचारतो. तोवर फॅब्रिकेटरला १५० चे बीम आणू नको म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, प्लेटखालच्या अँगलचे पैसे वेगळे.

दादरकर: माझ्या माळ्यावर आता इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवायच्या होत्या. प्लायवर चालतील का?

ड्रॉइंगबोर्ड: चॅनेल कितीचा, किती लांब आणि किती अंतरावर, तेवढं मोजून टाका. बॅटऱ्या तोपर्यंत खालीच राहू द्या.